मुलगी तीळ लावलेला बन खाते तेव्हा काही होत नाही, मग हमस खाल्ल्यावर अंगावर गांधी का उठल्या? नट अ‍ॅलर्जी तर नाहीये तिला

हमसमध्ये ताहिनी असते, म्हणजे तिळाची पेस्ट, आणि मला तरी पहिला संशय तिचाच येतो. बनवरचे अख्खे तीळ बऱ्याचदा न चावताच गिळले जातात, वरचं साल पचत नाही, त्यामुळे आतलं प्रोटीन शरीराला फारसं लागतच नाही, पण वाटलं की सगळं बाहेर येतं. म्हणून बन चालतो म्हणजे तीळ चालतात असं प्लीज धरू नका.

तीळ नट नाही, बी आहे, त्यामुळे नट-फ्री लिहिलेल्या पाकिटातही असू शकतो. दुसरा फरक तेलाचा. पूर्ण रिफाइन केलेल्या शेंगदाणा तेलात प्रोटीन जवळपास उरत नाही, तिळाचं तेल मात्र बहुतेक वेळा नुसतं घाण्याचं असतं आणि त्यात ते राहतं, सॅलड ड्रेसिंगमध्ये तर कळतही नाही. अमेरिकेत 1 जानेवारी 2023 पासून लेबलवर तीळ लिहिणं सक्तीचं झालं, त्याआधी तो नुसत्या ‘मसाले’ किंवा ‘फ्लेवर’ मध्ये लपायचा.

आणि हो, स्किन टेस्ट निगेटिव्ह आली तरी डॉक्टरांना हा प्रसंग नीट सांगा, कारण तिळातली तेलात राहणारी काही प्रोटीन्स टेस्टच्या पाण्यातल्या अर्कात येतच नाहीत. तोवर तीळ पूर्ण बंद. गांधींसोबत उलटी, घशात घरघर किंवा धाप लागली तर थेट इमर्जन्सीत न्या.