‘व्हॅरच्या पलीकडची सरासरी’ म्हणजे नेमकी कशाची?

प्रश्न: ‘एक्स्पेक्टेड शॉर्टफॉल म्हणजे व्हॅरच्या पलीकडच्या तोट्यांची सरासरी’ असं वाचलं. तोटा शून्य असण्याची शक्यता ९०%, १० लाखांची ६%, ५० लाखांची ३%, १ कोटीची १%. पातळी ९५%. मला ६२.५ लाख येतात, मित्राला ३१. ‘पलीकडच्या’मध्ये खुद्द व्हॅर धरायचा की नाही?

उत्तर: धरायचा, पण सगळा नाही. बरोबर उत्तर ५२ लाख.

आधी व्हॅर काढू, म्हणजे निदान ९५% शक्यतेने तोटा ज्याच्या वर जात नाही असा सर्वांत लहान आकडा. लहान तोट्यापासून शक्यता मिळवत जायचं आणि बेरीज ९५% गाठेल तिथे थांबायचं. शून्यावर ९०% होतात, १० लाखांवर ९६%. म्हणजे व्हॅर १० लाख. यावर तुमचं दोघांचं एकमत आहेच.

शॉर्टफॉलसाठी उलट टोकाकडून यायचं आणि बरोबर ५% गोळा करायचे. १ कोटीचा १% घेतला, ५० लाखांचे ३% घेतले, झाले ४%. उरलेला १% दहा लाखांच्या ६%मधून कापून घ्यायचा. १०० + १५० + १० म्हणजे २६०, भागिले ५, उत्तर ५२.

तुम्ही दहा लाख पूर्ण वगळले, त्यामुळे सरासरी फक्त ४ टक्क्यांची झाली. मित्राने पूर्ण ६% घेतले, म्हणून त्याची सरासरी १० टक्क्यांवर पसरली आणि आकडा खाली आला. वजनांची बेरीज ५ भरते का, एवढं पाहिलं असतं तर दोन्ही चुका तिथेच दिसल्या असत्या. वितरण सलग असतं तेव्हा नेमक्या व्हॅरवर शक्यतेचा ढीग नसतो, तिन्ही रीतींचं उत्तर एकच येतं. तुम्ही वाचलेली व्याख्या तिथे बिनचूक आहे. सुट्या किमतींच्या कोष्टकात मात्र ‘सर्वांत वाईट ५ टक्क्यांची सरासरी’ असंच म्हणावं.

याच कोष्टकात १ कोटीच्या जागी ५ कोटी लिहून पाहा. व्हॅर १० लाखांवरून हलत नाही, शॉर्टफॉल १३२ लाखांवर जातो. पातळी ९६%च्या जराशी वर नेली, तर व्हॅर एकदम १० वरून ५० लाखांवर उडी मारतो. शॉर्टफॉल मात्र ६२.५च्या आसपास हळूहळू सरकतो. कापून घेण्याची रीत वापरल्यामुळेच ही सलगता टिकते.

बँकांच्या बाजार-जोखमीसाठी बासेल समितीने ९९% व्हॅरऐवजी ९७.५% शॉर्टफॉल घेतला, आणि जुन्या दिवसांच्या नफ्यातोट्यावरून तो काढताना हाच प्रश्न रोज येतो. २५० दिवसांचे २.५% म्हणजे ६.२५ दिवस. सर्वांत वाईट सहा दिवस पूर्ण घ्यायचे, सातव्याचा पाव भाग मिळवायचा आणि भागायचं ६.२५ने, ६ने किंवा ७ने नाही.