एक्सायटेशन वाढवलं की नेमकं काय वाढतं, व्होल्टेज की मेगाव्हार?

प्रश्न: सिंक्रोनस जनरेटरचं एक्सायटेशन वाढवलं की टर्मिनल व्होल्टेज वाढतं असं एका ठिकाणी वाचलं, दुसरीकडे रिअ‍ॅक्टिव्ह पॉवर वाढते असं लिहिलंय. खरं काय? फेजर डायग्रामवरून सांगाल का?

उत्तर:

दोन्ही खरं आहे. टर्मिनल व्होल्टेज कोणाच्या ताब्यात आहे त्यावर सगळं ठरतं. मशीन एकटीच लोड चालवत असेल तर ते तिच्याच हातात असतं, म्हणून व्होल्टेज वाढतं. मोठ्या ग्रिडला जोडलेली असेल तर व्होल्टेज ग्रिडने धरून ठेवलेलं असतं, म्हणून मेगाव्हार वाढतात.

आकृती काढताना आधी टर्मिनल व्होल्टेज V आडवं, उजवीकडे काढा. आर्मेचरचा रेझिस्टन्स मोठ्या मशीनमध्ये इतका कमी असतो की तो सोडून दिला तरी चालतं. मग V च्या टोकापासून jXI, म्हणजे करंट I मुळे सिंक्रोनस रिअ‍ॅक्टन्स X मध्ये पडणारं व्होल्टेज, हा तुकडा जोडायचा आणि आरंभबिंदूपासून त्याच्या टोकापर्यंत E, म्हणजे एक्सायटेशनने तयार होणारं आतलं व्होल्टेज. इथे बरेच जण jXI हा V ला काटकोनात काढतात. तो काटकोन करंटशी हवा, V शी नाही. करंट V च्या मागे असेल (लॅगिंग) तर jXI उजवीकडे झुकतो, पुढे असेल (लीडिंग) तर डावीकडे.

आता खरी गंमत. V आणि मेगावॉट दोन्ही स्थिर ठेवले, तर E च्या टोकाची V पासूनची उंची बदलत नाही, कारण ती उंची म्हणजेच मेगावॉट. आणि V च्या टोकापासून ते टोक किती उजवीकडे किंवा डावीकडे आहे, ते म्हणजे मेगाव्हार:

```
E sin δ     = X·P / V
E cos δ - V = X·Q / V
```

म्हणजे टर्बाइनला हात न लावता फक्त एक्सायटेशन फिरवलं, तर E चं टोक V ला समांतर अशा एका सरळ रेषेवर सरकतं. उजवीकडे गेलं की मशीन व्हार देते, V च्या टोकाच्या बरोबर वर आलं की पॉवर फॅक्टर युनिटी, डावीकडे गेलं की मशीन ग्रिडकडून व्हार घेते.

आकडे घालून बघू. आपल्याकडच्या औष्णिक केंद्रांतला ओळखीचा २१० मेगावॉटचा संच घ्या: २४७ एमव्हीए, १५.७५ केव्ही, ०.८५ लॅगिंग, पूर्ण भाराला सुमारे ९०५० अँपिअर. सिंक्रोनस रिअ‍ॅक्टन्स हिशेबाच्या सोयीसाठी २ पर युनिट धरतो. पूर्ण भाराला P = ०.८५ आणि Q = ०.५२७, म्हणजे २१० मेगावॉट आणि १३० मेगाव्हार. वरच्या सूत्रांनी E ची उंची १.७ आणि आडवा भाग २.०५४ येतो. म्हणून E = २.६७ आणि कोन δ सुमारे ४० अंश.

आता मेगावॉट तेच ठेवून मेगाव्हार शून्यावर आणा. E १.९७ वर उतरतो, कोन ५९.५ अंश होतो. फील्ड करंट जवळजवळ चौथ्या हिश्शाने कमी झाला आणि स्टेटरचा करंट ७७०० अँपिअरच्या आसपास आला. आणखी कमी करून ५० मेगाव्हार आत घ्या: E १.८०, कोन ७०.६ अंश, आणि स्टेटरचा करंट उलट वाढून ७९०० अँपिअर. एक्सायटेशन कमी करत गेलं तर करंट आधी उतरतो आणि मग चढतो, तो प्रसिद्ध व्ही कर्व्ह हाच. मेगावॉट मात्र तिन्ही वेळा २१०. मेगावॉट वाढवायचे तर वाफच वाढवावी लागते.

असं होण्याचं कारण आकृतीत नाही, मशीनच्या पोटात आहे. टर्मिनल व्होल्टेज ग्रिडने बांधलं की स्टेटरला कापणारा एकूण फ्लक्सही जवळपास बांधला गेला. रोटरने जास्त एमएमएफ दिला तर जादा भाग कोणीतरी खोडायला हवा. ते काम स्टेटरमधला लॅगिंग करंट करतो. रोटर कमी पडला तर लीडिंग करंट ती भर घालतो.

दोन्ही बाजूंना मर्यादा आहेत. उजवीकडे रोटर तापतो. डावीकडे कोन वाढत जातो आणि E चं टोक आरंभबिंदूच्या बरोबर वर आलं की ९० अंश. आपल्या उदाहरणात ते सुमारे १२४ मेगाव्हार आत घेतल्यावर होतं, पण तिथपर्यंत कोणी जात नाही. त्याआधीच स्टेटर कोअरची टोकं तापतात, कारण अंडरएक्सायटेड स्थितीत रोटरची रिटेनिंग रिंग सॅच्युरेट राहत नाही आणि टोकाकडच्या गळतीच्या फ्लक्सला सोपी वाट मिळते. म्हणून अंडरएक्सायटेशन लिमिटर बराच अलीकडे लावलेला असतो. फील्ड पूर्णच गेलं तर मशीन इंडक्शन जनरेटरसारखी वेग वाढवून चालते आणि ग्रिडकडून प्रचंड व्हार ओढते. मेगाव्हार मीटर खोल ऋण, स्टेटर करंट जास्त आणि टर्मिनल व्होल्टेज खाली असं एकदम दिसलं की समजायचं.

एकट्या मशीनचं गणित उलटं. सोसायटीतल्या डीजी सेटवर पॉवर फॅक्टर लोड ठरवतो. लोड नुसत्या हीटरचा असेल तर एक्सायटेशन कितीही फिरवा, व्हार शून्यच. बदलतं फक्त व्होल्टेज. फेजरचा त्रिकोण आकार न बदलता लहानमोठा होतो: E ५ टक्के वाढवला की V ५ टक्के वाढतं, आणि अशा लोडची पॉवर सुमारे १० टक्के वाढते, ती इंजिनला द्यावी लागते.

एक सावधगिरी: २.६७ पर युनिट हा E व्होल्टमीटरवर कधीच दिसत नाही. ती सॅच्युरेशन न धरता काढलेली, फील्ड करंटच्या प्रमाणातली संख्या आहे. भार अचानक सुटला तर व्होल्टेज अडीचपट होत नाही. पहिल्या क्षणीची उडी कितीतरी लहान ट्रान्झियंट रिअ‍ॅक्टन्सवर ठरते, पुढे लोखंड सॅच्युरेट होतं आणि एव्हीआर फील्ड खाली ओढतो. (शिवाय ही आकृती गोल रोटरची. कोयनेसारख्या जलविद्युत संचांत सेलियंट पोल असतात, तिथे d आणि q अक्ष वेगळे घ्यावे लागतात.)

प्रत्यक्ष केंद्रातली स्थिती या दोन टोकांच्या मधली. जनरेटर आणि ग्रिडच्या मध्ये जनरेटर ट्रान्सफॉर्मर असतो. त्याचा रिअ‍ॅक्टन्स ०.१४ पर युनिट धरा. ५० मेगाव्हार, म्हणजे ०.२ पर युनिट वाढवले तर टर्मिनल व्होल्टेज साधारण ०.२ × ०.१४ = २.८ टक्के वाढतं, म्हणजे सुमारे ०.४४ केव्ही. म्हणजे इथे दोन्ही गोष्टी घडतात, व्होल्टेज थोडं आणि मेगाव्हार बरेच. एव्हीआर ऑटोवर असताना तुमचा स्विच फील्ड करंट नाही, व्होल्टेजचा सेटपॉइंट बदलतो. म्हणून ग्रिडचं व्होल्टेज पडलं की तुम्ही काही न करता मेगाव्हार वाढलेले दिसतात.

हाच हिशेब रात्री अडवतो. लोड उतरतं, लांब लाइनींच्या चार्जिंगमुळे ग्रिडचं व्होल्टेज चढतं आणि भार प्रेषण केंद्र व्हार आत घ्यायला सांगतं. १३० बाहेरपासून ५० आतपर्यंत जायचं तर टर्मिनल व्होल्टेज १० टक्के हलायला हवं, तर मशीनला सहसा ±५ टक्केच मुभा. त्यातून युनिट ऑक्झिलरी ट्रान्सफॉर्मर जनरेटरच्याच टर्मिनलवर असल्याने ६.६ केव्ही बसही खाली येते आणि मोठ्या मोटारी जादा करंट ओढू लागतात. लिमिटरला अजून जागा असूनही व्हार आत घेता येत नसतील, तर एक्सायटेशनच्या मागे न लागता जनरेटर ट्रान्सफॉर्मरचा टॅप बघा.