शिवाजी पार्कवर लांब लेन्स आणि दुपारची लहरणारी हवा

प्रश्न: मे महिन्यात शिवाजी पार्कवर मुलाच्या क्लबचे सामने शूट करतो. ट्रायपॉड कट्ट्याबाहेर फुटपाथवर, लेन्स १५०-६००, बहुतेक वेळ ६०० वर. सकाळी चांगलं येतं, पण अकरानंतर बॅट्समन पाण्याखाली उभा असल्यासारखा लहरतो. लेन्समध्ये दोष आहे का? शटर, फिल्टर, सॉफ्टवेअर, नक्की कशाने जाईल?

उत्तर:

लेन्स ठीक आहे. तिच्यात दोष असता तर तो सकाळीही दिसला असता, आणि प्रत्येक फ्रेममध्ये सारखा दिसला असता. दुपारची क्लिप एकेक फ्रेम पुढे सरकवून बघा. एका फ्रेममध्ये हेल्मेटची जाळी स्वच्छ, पुढच्या दोनांत पुसट, त्यानंतर मधला स्टंप वाकलेला. असं क्षणाक्षणाला बदलत असेल तर ती हवेची करामत.

उन्हात ती लाल माती हवेपेक्षा कितीतरी जास्त तापते. तिला टेकलेली हवा गरम होऊन उठते, वरची थंड हवा तिच्या जागी उतरते, आणि या घुसळणीतून जाताना प्रकाश किंचित वाकत राहतो. तापमान १ अंशाने बदललं तर हवेचा अपवर्तनांक साधारण दहा लाखांत एक इतकाच बदलतो. पण फुल फ्रेम कॅमेरा, ६०० मिमी आणि फोरके असेल तर १२० मीटरवर तुमचा एक पिक्सेल जेमतेम २ मिलिमीटरचा असतो. तिथे एवढंसं वाकणंही लपत नाही.

बहुतेक जण समजतात की हा गोंधळ पिचजवळ होतो, कारण डोळ्यांना तो तिथे दिसतो. खरं तर कॅमेऱ्याजवळची हवा सगळ्यात जास्त बिघडवते. वर्तमानपत्रावर बटर पेपर टेकवून ठेवला तर अक्षरं वाचता येतात. तोच उचलून डोळ्याजवळ आणला की काही लागत नाही. बॅट्समनच्या पायाशी वाकलेला किरण त्याच्या मूळ जागेपासून फारसा हलत नाही. लेन्सच्या तोंडाशी वाकलेला किरण मात्र थेट १२० मीटर दूरच्या चुकीच्या जागेवरून आल्यासारखा दिसतो. सगळ्या वाटेवर हवा सारखीच खवळलेली आहे असं धरून हिशोब केला तर कॅमेऱ्याकडच्या अर्ध्या वाटेचा वाटा ८० टक्क्यांच्याही वर जातो. १२० मीटरपैकी तुमच्यापासूनचे पहिले २० मीटर एकटेच ३८ टक्क्यांच्या आसपास घेतात.

आता तुमची जागा बघा. पायाखाली फुटपाथ, मागे डांबरी रस्ता आणि तापलेल्या गाड्या, आणि लेन्ससमोर हातभर अंतरावर सकाळपासून उन्हात भाजलेला कट्टा. त्या कट्ट्यावरून उठणारी गरम हवा नेमकी लेन्सच्या तोंडासमोरून जाते. गप्पा मारायला कट्ट्यासारखी जागा नाही, पण त्याच्यावरून ६०० मिमी रोखायची म्हणजे शेगडीवरून शूट करणं झालं.

खात्री करायची तर त्याच जागेवरून २० मीटरवरच्या एखाद्या वस्तूवर फोकस करा. तिथे उभ्या असलेल्या कोणाच्या शर्टाची बटणंही चालतील. तीही लहरत असतील तर मुख्य गुन्हेगार तुमच्या नाकासमोर आहे. ती स्थिर असतील आणि पिचच हलत असेल, तर उरलेला दोष मैदानाचा.

म्हणून पहिलं काम म्हणजे कट्ट्याच्या आत जायचं आणि समुद्राकडच्या, म्हणजे पश्चिमेच्या बाजूला झाडाखाली उभं राहायचं. मेच्या मध्यात दुपारी साडेचारला मुंबईत सूर्य क्षितिजापासून सुमारे ३५ अंशांवर असतो. १२ मीटर उंच झाडाची सावली तेव्हा पूर्वेकडे १७ मीटरच्या आसपास पसरते. म्हणजे तुमच्या समोरचे पहिले १५-१७ मीटर, तेच सगळ्यात महागडे, सावलीतल्या मातीवरून जातात. शिवाय ऊन पाठीमागून येतं, आणि समुद्राचा वारा तुमच्यापर्यंत मैदान तुडवून येत नाही. पिच उत्तर-दक्षिण असेल तर बॅट्समन बाजूने दिसतो. पुढचा पाय किती पडला हे बघायला कोचला तोच अँगल हवा असतो. बाराच्या सुमाराला मात्र या युक्तीचा उपयोग नाही. त्या दिवसांत सूर्य जवळजवळ डोक्यावर असतो आणि सावली झाडाच्या बुंध्याशी गोळा होते.

दुसरं काम अंतराचं. सरळ हिशोब असा, की हवा तशीच असताना अंतर निम्मं केलं तर बॅट्समनवर दिसणारा धूसरपणा निम्मा नाही, जवळपास तिसरा हिस्सा उरतो. १२० मीटरवरून ६०० मिमीला फुल फ्रेमवर ७ मीटरहून थोडी जास्त रुंदी मिळते. ६० मीटरवरून ३०० मिमीला तेवढीच मिळते. फ्रेम तीच, लेन्स तीच, लहर एक तृतीयांश. मुलांच्या सामन्यांत बाउंडरी आखूड असते, त्यामुळे दोरीच्या बाहेर ६० मीटरवर बहुधा जागा सापडते. पंचांना आणि आयोजकांना आधी विचारा, आणि पाठीमागे दुसरी मॅच चालू असेल तर एक माणूस तिकडे तोंड करून बसवा. शिवाजी पार्कला चेंडू कुठल्या मॅचचा आहे हे लागल्यावरच कळतं.

टेलिकन्व्हर्टर घ्यायचा विचार असेल तर सोडून द्या. तो लहरही तेवढीच मोठी करून दाखवतो.

तिसरी गोष्ट उंची. भर उन्हात ही घुसळण जमिनीलगत सगळ्यात जास्त असते आणि वर जाऊ तशी झपाट्याने कमी होते. उंची दुप्पट झाली की तिचा जोर सुमारे ४० टक्क्यांवर येतो. ट्रायपॉड गुडघ्याइतका खाली ठेवून 'लो अँगल' घ्यायची हौस सकाळी साडेसातला भागवा. ओळखीत कोणाची मैदानासमोर दुसऱ्या-तिसऱ्या मजल्यावर गॅलरी असेल तर अंतर ३०-४० मीटरने वाढलं तरी चालेल. तिथून किरण कॅमेऱ्याजवळ उंचावरून जातो आणि जमिनीलगत फक्त बॅट्समनच्या बाजूला येतो, जिथे त्याने फार बिघडत नाही. मात्र लेन्स कठड्याच्या बाहेर काढा, खाली कोणाच्या एसीचं आउटडोअर युनिट फुंकत नाही ना ते बघा, आणि एसी चालू असलेल्या खोलीच्या उघड्या खिडकीतून शूट करू नका. थंड आणि गरम हवा लेन्सच्या तोंडाशीच मिसळते आणि वरच्या मजल्याचा सगळा फायदा तिथे संपतो. हीच गोष्ट एसी गाडीतून काढलेल्या लेन्सची. ती बॅगेतच सावलीत अर्धा-पाऊण तास राहू द्या, नाहीतर आधी दव धरेल आणि नंतर लेन्सच्या नळीत आणि हूडमध्ये हवा फिरत राहील. लेन्स काळी असेल तर वर पांढरा पंचा टाका.

वेळेचं तुम्हाला जाणवलंच आहे. जमीन आणि हवा एका तापमानाला येतात ते दोन काळ सगळ्यात शांत: सूर्योदयानंतर साधारण तासाभराने आणि सूर्यास्ताच्या तासभर आधी. मेमध्ये मुंबईत ते सकाळी सातच्या आणि संध्याकाळी सहाच्या आसपास येतात. मधल्या वेळात ढगावर लक्ष ठेवा. जाडसर ढग सूर्यावर आला की काही मिनिटांत फरक दिसतो. धूळ बसावी म्हणून मैदानावर पाणी मारलं असेल तर त्यानंतरचा वेळही चांगला, कारण उन्हाची उष्णता माती तापवण्याऐवजी पाणी उडवण्यात जाते. महत्त्वाच्या बॅट्समनची बॅटिंग तुमच्या हातात नसते, पण कोचला दाखवायचे क्लोजअप अशा वेळी घेता येतात.

कॅमेऱ्यात करण्यासारखं त्यामानाने थोडं आहे. पोलरायझर किंवा यूव्ही फिल्टरने लहर जात नाही. धूसर धुकट हवा वेगळी आणि ही वेगळी. अॅपर्चर बारीक करूनही जात नाही. ऑटोफोकस मात्र बंद करा. लहरीमुळे तो पुढे-मागे शिकार करत बसतो आणि लोक त्याचा दोषही हवेवर टाकतात. चित्र मोठं करून स्टंपवर हाताने फोकस लावा, दोन-तीन वेळा हवा क्षणभर निवळते तेव्हा तपासा, आणि मग हात लावू नका. शटरमध्ये निवड आहे: १/५० ला लहर एकमेकांत मिसळून चित्र मऊ पण शांत दिसतं, १/५०० ला प्रत्येक फ्रेम तुलनेने कोरीव पण वेडीवाकडी येते. नुसतं बघायचं असेल तर पहिलं, फ्रेम थांबवून तंत्र समजावायचं असेल किंवा पुढे सॉफ्टवेअर वापरायचं असेल तर दुसरं. बिटरेट शक्य तितका जास्त ठेवा. लहरीत मागचं गवतसुद्धा सतत हलतं, त्यामुळे कमी बिटरेटमध्ये चित्राचे चौकोन पडतात.

सॉफ्टवेअरकडून फार अपेक्षा नको. नेहमीचं स्टॅबिलायझेशन संपूर्ण फ्रेमची थरथर काढतं. इथे फ्रेमचा प्रत्येक तुकडा वेगळ्या दिशेला हलतोय. वार्पवालं स्टॅबिलायझेशन तर लहरीच्या मागे धावून बॅट्समनला जेलीसारखं करतं. ट्रायपॉड पक्का असेल तर शेजारच्या फ्रेमांची मध्यक किंमत घेणं हा साधा उपाय आहे:

```
ffmpeg -i in.mp4 -vf "tmedian=radius=2" -c:v libx264 -crf 16 -c:a copy out.mp4
```

हे प्रत्येक पिक्सेलसाठी पाच फ्रेम बघून मधली किंमत ठेवतं. स्टंप, साइटस्क्रीन, मागची झाडं छान स्थिरावतात. पण चेंडू एका जागी पाचांतल्या तीन फ्रेममध्ये कधीच नसतो, त्यामुळे तो चित्रातून चक्क गायब होतो आणि बॅटचं पातंही विरतं. म्हणून एडिटरमध्ये ही क्लिप खाली ठेवा, मूळ क्लिप वर, आणि वरच्या क्लिपला बॅट्समन आणि चेंडूच्या मार्गापुरता मऊ कडेचा मास्क लावा. मास्कच्या आत लहर राहीलच. पण मागचं सगळं नाचायचं थांबलं की डोळ्याला ती बरीच कमी वाटते. कॅमेरा जराही पॅन केला असेल तर ही कृती करू नका, सगळं दुहेरी दिसेल.

पुढच्या रविवारी एक करा. साडेचारच्या सुमाराला पाच मिनिटांच्या आत दोन क्लिप घ्या: एक नेहमीच्या फुटपाथवरून ६०० ला, दुसरी झाडाखालून दोरीजवळ ३०० ला. दोन्हींत तेच स्टंप, १/५००, वीस-वीस सेकंद. दोन्ही इथे टाका. दुसऱ्या क्लिपमध्येही स्टंप तितकेच वाकत असतील तर सावली कुठवर पडली होती आणि लेन्सची उंची किती होती तेही लिहा, मग पुढचं बघू.