ब्रँड, डिव्हिजन आणि कंपनी: मॅपिंग सुरू करताय तर आधी एवढंच

कोणता ब्रँड कुठल्या कंपनीचा याचा तक्ता करताना आधी ब्रँड, डिव्हिजन आणि कायदेशीर कंपनी असे तीन वेगळे कॉलम करा, नवीन लोक नेमके इथेच घोळ घालतात. टायटन घ्या, सुरुवातीला मस्त आहे. तनिष्क, मिया, झोया ही नावं मोठी, पण त्यांची वेगळी कंपनी शोधत बसू नका, हे टायटन कंपनी लिमिटेडच्या ज्वेलरी डिव्हिजनचे ब्रँड. कॅरटलेनचं उलट. त्याची स्वतःची कंपनी, कॅरटलेन ट्रेडिंग प्रायव्हेट लिमिटेड, टायटनने 2016 मध्ये त्यात मोठा हिस्सा घेतला, म्हणजे धंदा दागिन्यांचाच पण कंपनीचा कॉलम वेगळा. आणि फास्टट्रॅक तर एकापेक्षा जास्त डिव्हिजनमध्ये दिसतो, घड्याळं एकीकडे, गॉगल आयकेअरमध्ये, त्यामुळे एका ब्रँडला एकच ओळ हा हट्ट सोडा, ब्रँड अधिक प्रॉडक्ट अशी ओळ करा.

माहिती कुठून घ्यायची?

- डिव्हिजनसाठी वार्षिक अहवालातली सेगमेंटची नोट.
- उपकंपन्यांसाठी त्याच अहवालातला फॉर्म एओसी-1, त्यात हिस्सेदारीचा टक्का पण असतो.
- खात्रीसाठी बिल किंवा पॅकिंग. पण नीट वाचा, बनवणारा आणि मार्केटिंग करणारा वेगळे असू शकतात, आणि फ्रँचायझी दुकानाच्या बिलावर तर दुकानदाराचंच नाव असू शकतं!

शेवटच्या कॉलममध्ये नुसतं 'टाटा' लिहू नका हं. तो ग्रुप आहे, कंपनी नाही, आणि टायटनमध्ये सगळ्यात मोठा एकटा शेअरहोल्डर तर तमिळनाडू सरकारची टिडको आहे. प्रत्येक ओळीपुढे अहवालाचं वर्ष टाका, हिस्सेदारी बदलत राहते. ट्रेडमार्कची मालकी सध्या बाजूला ठेवा, ते नंतर.