राफ्टिंगच्या फॉर्मवर ‘जबाबदार राहणार नाही’ लिहावं का?

प्रश्न: वाळपईजवळ म्हादईवर पावसाळ्यात राफ्टिंग असतं. आमच्या फॉर्मवर ‘कोणत्याही कारणाने झालेल्या इजा वा मृत्यूस आयोजक जबाबदार राहणार नाहीत’ असं आहे. पाहुण्यांना कळेल, प्रामाणिक असेल आणि आपणही सुरक्षित राहू, असं मराठीत कसं लिहायचं?

आधी ‘कोणत्याही कारणाने’ हे शब्द काढा. जॅकेटचं बकल तुटकं होतं, तर तेही त्यात आलं, आणि ते कुणी मान्य करणार नाही. ग्राहक संरक्षण कायदा, 2019 नुसार ग्राहकाच्या हक्कांत मोठा बदल करणाऱ्या एकतर्फी अटी असतील तर करार अन्याय्य ठरू शकतो. म्हणजे सगळं झाकायला घातलेलं वाक्य ऐन वेळी काहीच झाकत नाही.

खरं संरक्षण ‘जोखीम पत्करणे’ या क्रियापदात आहे. पण जोखीम माहीत असेल तरच पत्करता येते, म्हणून धोके नावानिशी सांगा:

‘राफ्ट उलटू शकते, मी पाण्यात पडू शकतो/शकते. खडकावर आपटून हाड मोडू शकतं. शेजाऱ्याच्या वल्ह्याची मूठ तोंडावर लागून दात पडू शकतो. बुडून मृत्यूही होऊ शकतो. चांगला गाइड असूनही हे धोके पूर्ण टळत नाहीत. हे समजून मी ही जोखीम पत्करतो/पत्करते.’

‘मृत्यू’ हा शब्द टाळून ‘अनुचित प्रकार’ लिहिण्याचा मोह होतो. लिहू नका, सही करणाऱ्याला त्यातून काहीच समजत नाही.

लगेच खाली आपली बाजू:

‘प्रशिक्षित गाइड, सुस्थितीतलं हेल्मेट व लाइफ जॅकेट देणं, पाणी धोकादायक वाढल्यास फेरी रद्द करून पैसे परत करणं ही आमची जबाबदारी. त्यात आमची हयगय झाली, तर या सहीने आपला हक्क जात नाही.’

मग पाहुण्याची: ‘मी दारू पिऊन बसणार नाही, आजार लपवणार नाही, जॅकेट सैल करणार नाही, पाण्यात पडल्यास वाहत्या पाण्यात उभं राहण्याचा प्रयत्न करणार नाही.’ शेवटचं कलम नुसतं लिहून भागत नाही. उभं राहिल्यावर पाय दगडांत अडकतो आणि प्रवाह माणसाला खाली दाबतो. म्हणून उताणं होऊन, पाय प्रवाहाच्या दिशेला पुढे आणि बोटं वर ठेवून वाहत राहायचं, हे गाइडने काठावर करून दाखवावं.

आता वल्ह्याच्या मुठीने दात पडला असं धरा. धोका फॉर्मवर आहे, मुठीवरचा हात सोडू नका हे गाइडने सांगितलंय. तुमची बाजू भक्कम. गाइडने ते सांगितलंच नाही, तर फॉर्म कितीही सुबक असो, प्रश्न तुमच्या हयगयीचा होतो.

18 वर्षांखालच्या मुलाने केलेला करार कायद्याने रद्दबातल असतो. तिथे पालकांची सही घ्या, पण ती ‘धोका समजला, संमती आहे’ एवढ्यापुरतीच समजा. आणि फॉर्म बुकिंगच्या वेळीच, पैसे घेण्याआधी द्या, पाहुण्याला वाचता येणाऱ्या भाषेत. नदीकाठी भिजत, घाईत केलेली सही वाचून केलेली होती, हे पटवणं अवघड जातं.