पेन्शनची स्लिप: पाच वाचकांचे प्रश्न

केंद्र सरकारच्या पेन्शनरांकडून गेल्या दोन महिन्यांत आलेल्या पत्रांतली पाच इथे घेतली आहेत. उत्तरांतले आकडे त्यांनी पाठवलेल्या स्लिपांवरचेच आहेत. राज्य सरकार, महामंडळं किंवा ईपीएफ यांच्या पेन्शनचे नियम निरनिराळे असतात, त्यामुळे त्या वाचकांनी हे हिशेब जसेच्या तसे स्वतःला लावू नयेत.

मी केंद्रीय बांधकाम खात्यातून 31 जानेवारी 2011 ला निवृत्त झालो, आता सांगली जिल्ह्यात राहतो. ऑक्टोबर 2025 मध्ये 42,892 रुपये जमा झाले, नोव्हेंबरमध्ये 40,408. पेन्शन कमी केली का? आणि मूळ पेन्शन 27,600 असताना स्लिपवर 4,200 कसले वजा आहेत?

पेन्शन कमी झालेली नाही. ऑक्टोबरच्या रकमेत थकबाकी होती. केंद्राने महागाई मदत 55 वरून 58 टक्के केली, ती 1 जुलै 2025 पासून. पण निर्णय ऑक्टोबरच्या सुरुवातीला आला. तोवर जुलै, ऑगस्ट आणि सप्टेंबरची पेन्शन जुन्या दराने देऊन झाली होती. 27,600 चे 3 टक्के म्हणजे 828, तीन महिन्यांचे 2,484. तुमच्या दोन आकड्यांतला फरक बरोबर तेवढाच आहे. स्लिपवर ‘अरिअर्स’ अशी वेगळी ओळ असेल तर ती त्या एका महिन्यापुरतीच असते, हे धरूनच पुढच्या महिन्याचा खर्च बेतावा.

आता 4,200. निवृत्त होताना तुमची मूळ पेन्शन 10,500 होती आणि तिचा 40 टक्के भाग तुम्ही विकलात. त्या बदल्यात एकरकमी पैसे मिळाले: 4,200 गुणिले 12 गुणिले 8.194, म्हणजे 4,12,978 रुपये. 8.194 हा 61 व्या वर्षासाठीचा तक्त्यातला गुणक आहे. साठीला निवृत्त होणाऱ्याचं ‘पुढच्या वाढदिवसाचं वय’ 61 धरतात. सातव्या वेतन आयोगात मूळ पेन्शन 27,600 झाली, पण विकलेला भाग जुन्या पेन्शनमधला असल्याने कपात 4,200 वरच राहिली. ती 27,600 च्या 40 टक्के व्हायला नको, आणि झालेलीही नाही.

महागाई मदतीच्या ओळीकडे मात्र नीट बघा. ती विक्रीपूर्वीच्या पूर्ण मूळ पेन्शनवर काढायची असते. 27,600 चे 58 टक्के 16,008 होतात आणि तुमच्या स्लिपवरही तेच आहेत. बँकेने चुकून 23,400 वर हिशेब केला असता तर 13,572 आले असते, म्हणजे महिन्याला 2,436 रुपये कमी. मी पेन्शन विभागात होतो त्या काळात ही चूक बऱ्याचदा पाहिली. पेन्शनर ‘मूळ पेन्शन’ म्हणजे हातात पडणारी पेन्शन असं समजून चालायचे, त्यामुळे वर्षानुवर्षं कुणाच्या लक्षात यायचं नाही. नोव्हेंबर 2025 च्या स्लिपवरच्या महागाई मदतीच्या आकड्याला 0.58 ने भागून पाहा. उत्तर पीपीओतल्या सुधारित मूळ पेन्शनइतकं यायला हवं. रुपयाचा अपूर्णांक पुढच्या रुपयात धरतात, त्यामुळे एखाद्या रुपयाचा फरक दिसला तर तो सोडून द्या.

राहिलेले 1,000 हा वैद्यकीय भत्ता. सगळं मिळून 27,600 वजा 4,200 अधिक 16,008 अधिक 1,000, म्हणजे 40,408. हिशेब जुळला.

विकलेली पेन्शन परत कधी सुरू होते? बँकेत विचारलं तर सांगतात, आपोआप होईल.

15 वर्षांनी. पण ही 15 वर्षं नेहमी निवृत्तीच्या तारखेपासून मोजत नाहीत. ज्या दिवसापासून तुमची पेन्शन प्रत्यक्षात कमी झाली, त्या दिवसापासून मोजतात. निवृत्तीआधीच अर्ज केला असेल आणि एकरकमी पैसे पहिल्या महिन्यातच मिळाले असतील, तर कपात पहिल्या पेन्शनपासून धरतात. पैसे उशिरा मिळाले असतील तर तारीख पुढे जाते. वरच्या वाचकांची कपात 1 फेब्रुवारी 2011 पासून आहे, म्हणून 1 फेब्रुवारी 2026 पासून त्यांच्या स्लिपवरची 4,200 ची ओळ जायला हवी.

‘आपोआप’ हे नियमाला धरूनच आहे, पण त्यासाठी बँकेच्या संगणकात ती तारीख असावी लागते. बँक बदलली, शाखा विलीन झाली किंवा जुन्या हस्तलिखित पीपीओवरून माहिती चढवली, की नेमका तोच रकाना रिकामा राहतो. म्हणून मुदतीच्या दोनेक महिने आधी पीपीओच्या प्रतीसह अर्ज शाखेत द्या आणि पोच घ्या. उशीर झालाच तर फरकाची रक्कम मागच्या तारखेपासून मिळते. त्यावर रिझर्व्ह बँकेच्या सूचनेप्रमाणे बँकेने वार्षिक 8 टक्के दराने भरपाईही द्यायची असते, तीही पेन्शनराने न मागता.

मुदत संपल्यावर महागाई मदत वाढेल, अशी काहींची समजूत असते. ती वाढत नाही, कारण ती आधीपासून पूर्ण पेन्शनवरच मिळत असते.

माझे पती जून 2016 मध्ये निवृत्त झाले आणि फेब्रुवारी 2019 मध्ये वारले. मला मिळणारी पेन्शन या ऑक्टोबरमध्ये एकदम कमी झाली. वर स्लिपवर ‘वसुली 8,000’ अशी ओळ आली आहे. शाखेत म्हणाले, 4,13,898 रुपये जास्त गेलेत. मी तर काहीच मागितलं नव्हतं.

ताई, तुमच्याकडून काहीही चुकलेलं नाही, पण बँकेचा आकडाही हवेतला नाही. कुटुंब निवृत्तिवेतनाचे दोन दर असतात. निवृत्तीनंतर मृत्यू झाला, तर आधी वाढीव दराने म्हणजे शेवटच्या मूळ वेतनाच्या 50 टक्के पेन्शन मिळते. हा दर सात वर्षं, किंवा मृत व्यक्तीचं वय 67 झालं असतं त्या तारखेपर्यंत चालतो. दोन्हींपैकी जी तारीख आधी येईल ती धरायची. त्यानंतर कायमचा दर 30 टक्के.

तुमच्या यजमानांची जन्मतारीख 30 जून 1956. सात वर्षं फेब्रुवारी 2026 मध्ये भरतात, पण 67 वर्षं 30 जून 2023 लाच भरली असती. म्हणजे वाढीव दर तिथेच थांबायला हवा होता. शेवटचं मूळ वेतन 50,500, त्यामुळे वाढीव पेन्शन 25,250 आणि साधी 15,150. फरक 10,100 आणि त्यावरची महागाई मदत. जुलै 2023 ते सप्टेंबर 2025 या 27 महिन्यांत मदतीचा दर 46, 50, 53, 55 आणि 58 टक्के असा चढत गेला. त्या दरांनी हिशेब केला की 4,13,898 हाच आकडा येतो. बँकेने सात वर्षांची तारीख नोंदवली आणि 67 ची नोंदवलीच नाही, असं दिसतं.

वसुलीबद्दल दोन्ही बाजू सांगतो. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर 2014 मध्ये पंजाब राज्य विरुद्ध रफिक मसीह या खटल्यात काही परिस्थितींत जादा गेलेली रक्कम वसूल करता येणार नाही असं सांगितलं. त्यात निवृत्त कर्मचारी येतात, तसंच पाच वर्षांहून जास्त काळ चाललेलं जादा प्रदानही येतं. हा निकाल व्हॉट्सॲपवर इतका फिरतो की लोकांना वाटतं, त्याची प्रत दाखवली की वसुली थांबली. पण 2016 मध्ये जगदेव सिंग प्रकरणात त्याच न्यायालयाने म्हटलं की जादा रक्कम परत करीन असं हमीपत्र ज्याने दिलं, तो त्याला बांधलेला आहे. पेन्शन खातं उघडताना बँक असं हमीपत्र सही करून घेते, बहुतेकांना ते आठवतही नाही. त्यामुळे माफी नक्की मिळेल असं मी तुम्हाला सांगणार नाही.

तरी तीन गोष्टी लेखी मागा: महिनावार हिशेबाचा तक्ता, तुमच्या सहीच्या हमीपत्राची प्रत आणि हप्ता कमी करण्याची विनंती. आता तुमची पेन्शन 15,150 अधिक 8,787, म्हणजे 23,937 आहे. त्यातून 8,000 गेले तर उरतात 15,937, आणि हे 52 महिने चालेल. चूक बँकेची असल्याने हप्ता निम्म्यावर आणण्याची मागणी रास्त आहे. माफीचा अर्ज मात्र यजमानांच्या खात्याकडे करायचा, कारण तो निर्णय सरकारचा असतो, शाखेचा नसतो. उत्तर आलं नाही तर `CPENGRAMS` वर तक्रार नोंदवता येते.

स्लिपवर आणखी एक गोष्ट तपासा. यजमानांनी विकलेल्या पेन्शनची कपात त्यांच्याबरोबरच संपते. कुटुंब निवृत्तिवेतनातून ती कापता येत नाही. तुमच्या स्लिपवर तशी ओळ नाही, पण इतर भगिनींनी पाहून घ्यावं.

वडिलांना 19 नोव्हेंबर 2025 ला 80 वर्षं पूर्ण झाली. वाढ डिसेंबरपासून मिळेल ना?

नाही, 1 नोव्हेंबरपासून. ज्या महिन्यात वय पूर्ण होतं त्या महिन्याच्या पहिल्या तारखेपासून पूर्ण मूळ पेन्शनच्या 20 टक्के जास्त मिळतात, आणि त्या वाढीवरही महागाई मदत असते. स्लिपवर ही वेगळी ओळ असते. ती मूळ पेन्शनमध्ये मिसळलेली दिसली तर 85 व्या वर्षी घोटाळा होतो, कारण तेव्हा 20 ऐवजी मूळच्या 30 टक्के द्यायचे असतात. नोव्हेंबरच्या स्लिपवर ही ओळ नसेल तर जन्मतारखेचा पुरावा घेऊन शाखेत जा.

मी पुण्यात राहतो, वय 68. मूळ पेन्शन 65,000, विक्रीची कपात 26,000, महागाई मदत 37,700. हातात 76,700 यायला हवेत, पण दरमहा 7,287 रुपये टीडीएस जातो. 12 लाखांपर्यंत कर नाही ना?

तुम्ही एप्रिलमध्ये बँकेला जुन्या करप्रणालीचा पर्याय लिहून दिला होता, हे पत्राच्या शेवटी ओझरतं लिहिलं आहे. खरं कारण तेच. 76,700 च्या हिशेबाने वर्षाचे 9,20,400 होतात. जुन्या प्रणालीत 50,000 ची प्रमाणित वजावट जाऊन 8,70,400 उरतात. पहिल्या 3 लाखांवर कर नाही, पुढच्या 2 लाखांवर 10,000, उरलेल्या 3,70,400 वर 74,080, आणि 4 टक्के उपकर. एकूण 87,443, बारा भाग केले की 7,287. गुंतवणुकीचे पुरावे दिले नाहीत, म्हणून बँकेने कुठलीही सूट धरली नाही. नव्या प्रणालीत 2025-26 साठी प्रमाणित वजावट 75,000 आहे आणि 12 लाखांपर्यंतच्या करपात्र उत्पन्नावर करसवलतीमुळे कर शून्य होतो. तुमच्या बाबतीत तीच सरस. विवरणपत्र मुदतीत भरताना नवी प्रणाली निवडा, कापलेले पैसे परत येतील. एप्रिल 2026 मध्ये बँकेला जुना पर्याय पुन्हा देऊ नका.

तुमच्या बँकेने एक गोष्ट बरोबर केली आहे: कर 1,02,700 वर नाही, तर विकलेला भाग वजा जाता उरलेल्या 76,700 वर काढला. विकलेल्या भागाचे एकरकमी पैसे तुम्हाला करमुक्त मिळाले होते, आणि तो भाग आता दरमहा मिळत नसल्याने त्यावर मासिक करही नाही. वार्षिक फॉर्म 16 आला की त्यातली एकूण रक्कम याच हिशेबाने ताडून पाहा. ती 12,32,400 च्या आसपास दिसली, तर विवरणपत्र भरण्याआधी बँकेकडून दुरुस्त करून घ्या.