टाकी फुल केली की गाडी सुरू व्हायला कुरकुरते

प्रश्न: पेट्रोल टाकी फुल केली की गाडी लगेच सुरू होत नाही, तीन-चार वेळा सेल्फ मारावा लागतो. एरवी काहीच त्रास नाही. पेट्रोलमध्ये भेसळ असेल का?

उत्तर:
भेसळ असती तर नंतरही गाडीने झटके दिले असते. माझा संशय पर्ज व्हॉल्व्हवर आहे. माझ्या गाडीने अगदी हाच त्रास दिला होता आणि मीही आधी पंपालाच शिव्या घातल्या होत्या.

टाकीत ४० लिटर पेट्रोल शिरतं तेव्हा आतली तेवढीच हवा बाहेर ढकलली जाते आणि ती वाफेने भरलेली असते. लिटरमागे साधारण सव्वा ग्रॅम धरली तरी ती ५० ग्रॅम, म्हणजे जवळजवळ ७० मिली पेट्रोल झालं. टाकीतली वाफ कोळशाच्या डब्यात, कॅनिस्टरमध्ये जाते. तिथले सच्छिद्र कोळशाचे दाणे ती धरून ठेवतात. पुढे इंजिन चालू असताना पर्ज व्हॉल्व्ह उघडतो आणि ती वाफ इंजिनात ओढली जाऊन जळते. इंजिन बंद असताना हा व्हॉल्व्ह बंदच हवा. तो उघडा अडकला, तर भरताना ढकललेली वाफ थेट इनटेकमध्ये जाऊन बसते आणि सेल्फ मारताच हवेच्या मिश्रणात पेट्रोल नको तितकं जास्त होतं. अर्धा अ‍ॅक्सिलरेटर दाबून सेल्फ मारून बघा. गाडी पटकन उचलली, तर संशय पक्का.

खात्री करायची तर इंजिन थंड असताना व्हॉल्व्ह काढा आणि वायर न जोडता त्यात हवा फुंकून बघा (तोंडाने नको, रबरी फुग्याने). हवा आरपार गेली तर व्हॉल्व्ह गेला. स्कॅनरवर बहुधा P0496 दिसेल, पण माझ्या गाडीत कोडच आला नव्हता.

व्हॉल्व्ह बदलण्याआधी कॅनिस्टरकडून येणारी नळी पांढऱ्या फडक्यावर झटका. माझ्या फडक्यावर काळी पूड पडली. नोझल 'कट' झाल्यावरही रक्कम गोल करायला थोडं-थोडं टाकून घ्यायची सवय मला नडली होती. नोझलच्या टोकाशी एक बारीक छिद्र असतं. ते पेट्रोलात बुडालं की नोझल बंद होतं, म्हणजे उरलेली जागा वाफेसाठी आहे. ती भरली की पातळ पेट्रोल कॅनिस्टरमध्ये उतरतं, दाणे फुटतात आणि त्यांचा चुरा व्हॉल्व्हमध्ये अडकतो. मी पहिल्यांदा फक्त व्हॉल्व्ह बदलला, तोही काही आठवड्यांत अडकला. पूड दिसली तर कॅनिस्टर बदला आणि नळ्या हवा मारून साफ करा.

वाफ परत ओढणारं नोझल असेल तिथे तर ही सवय दुहेरी तोट्याची. जास्तीचं पेट्रोल वाफेच्या नळीतून पंपाच्याच टाकीत परत जाऊ शकतं, आणि मीटरवर त्याचे पैसे तुमच्या नावावर लागलेले असतात.